हप्ता थांबला की ड्रॉइंगचं काय होतं

प्रश्न: नाशिकच्या अंबडला आमचं प्रेस टूल आणि फिक्श्चरचं छोटं युनिट आहे. एका मशीनवर ऑटोकॅड 2015चं कायमचं लायसन्स आहे, ते अजून चालतंय. आता दुसरी सीट घ्यायची आहे. एक डीलर म्हणतो ऑटोकॅडचं सबस्क्रिप्शनच घ्यावं लागेल. दुसरा डीलर डीडब्ल्यूजीवर चालणारं दुसऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर कायमच्या लायसन्सवर देतोय. कायमचं म्हणजे खरंच कायमचं का? आणि उद्या सबस्क्रिप्शन बंद केलं तर आमच्याच ड्रॉइंग उघडतील का?

उत्तर:

ड्रॉइंगची फाइल तुमची आहे आणि तुमच्याकडेच राहील. सबस्क्रिप्शन संपलं म्हणून हार्ड डिस्कवरची `.dwg` कोणी पुसत नाही. बंद होतं ते तिला उघडणारं सॉफ्टवेअर. म्हणून दोन्ही डीलरना आधी एकच गोष्ट विचारा: शेवटचं पेमेंट संपल्याच्या दुसऱ्या दिवशी मी माझी ड्रॉइंग फक्त पाहू शकेन, प्रिंट काढू शकेन की तिच्यात बदलही करू शकेन? किंमत त्यानंतर पाहू.

पहिल्या डीलरचं म्हणणं खरं आहे. ऑटोडेस्कने जानेवारी 2016च्या अखेरीस ऑटोकॅडसारख्या सुट्या सॉफ्टवेअरची नवी कायमची लायसन्स विकणं थांबवलं. तुमचं 2015 त्याआधीचं असल्यामुळे त्याचा वापराचा हक्क शिल्लक आहे. ते मशीन घाईने भंगारात काढू नका. ते किती उपयोगाचं आहे ते पुढे येईलच.

‘कायमचं लायसन्स’ म्हटलं की त्यात तीन वेगळ्या मुदती असतात आणि डीलर बहुतेक वेळा त्या एका दमात सांगून मोकळा होतो. पहिली मुदत वापराच्या हक्काची. ती खरोखर कायमची असते, पण घेतलेल्या व्हर्जनपुरती. दुसरी अपडेटच्या हक्काची. घेतलेल्या व्हर्जनमधल्या दुरुस्त्या, म्हणजे सर्व्हिस पॅक वगैरे, सहसा त्या व्हर्जनचा सपोर्ट आहे तोवर मिळतात. पुढच्या वर्षाचं नवं व्हर्जन मात्र मेन्टेनन्स भरलेला असेल तरच मिळतं, आणि मेन्टेनन्स बहुतेक पहिल्या वर्षापुरताच किमतीत धरलेला असतो. तिसरी मुदत सपोर्टची, म्हणजे कंपनी त्या व्हर्जनमधल्या चुका आणि सुरक्षेची भोकं किती वर्षं बुजवणार. ही तुमच्या पेमेंटवर अवलंबून नसते. कंपनी ती तारीख आधी जाहीर करते आणि त्या दिवशी हात काढून घेते.

ऑफिस 2019चं उदाहरण घ्या, कारण ते बऱ्याच युनिटमध्ये आहे. त्याचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025ला संपला. दुसऱ्या दिवशी एक्सेल उघडलं, आजही उघडतं, आणि वापराचा हक्क तसाच आहे. पण आता त्यात सुरक्षेची चूक सापडली तर दुरुस्ती येणार नाही. योगायोग असा की विंडोज 10चा नेहमीचा सपोर्टही त्याच दिवशी संपला. ज्यांनी ‘एकदाच पैसे भरायचे’ म्हणून दोन्ही घेतली होती त्यांच्याकडे वापराचे दोन्ही हक्क शाबूत राहिले आणि सपोर्टच्या दोन्ही मुदती एकाच दिवशी सरल्या. इंटरनेटला न जोडलेल्या मशीनवर हे बरीच वर्षं चालवता येतं. ग्राहकाचे ईमेल आणि पेन ड्राइव्ह ज्या मशीनवर उघडतात, तिथे ते धोक्याचं आहे.

सबस्क्रिप्शनमध्ये या तिन्ही मुदती एकत्र बांधलेल्या असतात. पैसे चालू आहेत तोवर वापर, नवं व्हर्जन आणि सपोर्ट तिन्ही मिळतं, आणि पैसे थांबले की तिन्ही एकदम थांबतं. पण ‘थांबतं’ म्हणजे नेमकं काय, हे प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये वेगळं आहे. मायक्रोसॉफ्ट 365 संपलं तर वर्ड आणि एक्सेल उघडतात, फाइल दिसते, प्रिंट निघते, पण बदल करता येत नाही आणि नवी फाइल बनवता येत नाही. अडोबीचं लाइटरूम क्लासिक संपलं तर फोटो दिसतात, बाहेर काढूनही घेता येतात, पण त्यांच्यावर काम करण्याचा डेव्हलप विभाग आणि नकाशाचा मॅप विभाग बंद होतो. ऑटोकॅड मात्र उघडतच नाही. पाहण्यापुरतंही नाही. तिन्ही सबस्क्रिप्शनच आहेत, पण पैसे थांबल्यावरची अवस्था तीन तऱ्हांची. म्हणून ‘सबस्क्रिप्शन बंद केलं तर काय होईल’ याचं उत्तर दुसऱ्याच्या अनुभवावरून धरू नका, तुमच्या सॉफ्टवेअरपुरतं विचारा.

तुमच्या बाबतीत दुसरा अडथळा लगेच उभा राहणार आहे, सबस्क्रिप्शन संपायच्याही कितीतरी आधी. डीडब्ल्यूजी हे एकच नाव असलं तरी तिचे प्रकार बदलत आले आहेत. ऑटोकॅड 2013 ते 2017 एका प्रकारात सेव्ह करतं आणि 2018मध्ये तो प्रकार बदलला. तुमचं 2015 जुन्या प्रकाराचं आहे. नव्या सीटवर ड्राफ्ट्समन नेहमीसारखा सेव्ह करणार, फाइल 2018च्या प्रकारात जाणार आणि शेजारच्या मशीनवर ती उघडणारच नाही. एकाच टेबलावर दोन सीट, आणि एकमेकांच्या ड्रॉइंग चालत नाहीत. अशी जोडी मी अंबड आणि सातपूरमध्ये बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे. लोक व्हायरसचा संशय घेतात, फाइल बिघडली म्हणतात, पुन्हा मागवतात. फाइल चांगलीच असते.

हे ओळखायला सॉफ्टवेअर लागत नाही. फाइलची एक प्रत करा, ती नोटपॅडमध्ये उघडा आणि पहिली सहा अक्षरं पाहा. बाकीचा मजकूर अगम्य दिसेल, तिकडे लक्ष देऊ नका आणि नोटपॅडमधून सेव्ह करू नका.

```
AC1024   2010 ते 2012
AC1027   2013 ते 2017
AC1032   2018 आणि पुढे
```

`AC1032` दिसलं तर ती फाइल तुमच्या 2015मध्ये थेट उघडणार नाही. `AC1027` किंवा त्याखालचा आकडा असेल तर उघडेल.

उपाय नव्या सीटवर करायचा. `OPTIONS` ही कमांड द्या, `Open and Save` या टॅबवर जा आणि सेव्हचा प्रकार `AutoCAD 2013` ठेवा. हे पहिल्याच दिवशी करा. त्यानंतर रोजचं काम दोन्ही मशीनवर चालेल आणि नव्या सीटवर बनलेली प्रत्येक ड्रॉइंग आपोआप अशा प्रकारात साठत जाईल, जो तुमच्या कायमच्या लायसन्सला वाचता येतो. टूडी डाय ड्रॉइंगमध्ये यामुळे गमावण्यासारखं फार काही नाही.

आता हे प्रत्यक्ष कसं घडतं ते एका टूलवर पाहू. समजा, 1.6 मिमी सीआरसीए शीटमध्ये 20 मिमी भोक पाडणारं पिअर्सिंग टूल तुम्ही सबस्क्रिप्शनच्या सीटवर काढलं. क्लिअरन्स एका बाजूला जाडीच्या 5 टक्के, म्हणजे 0.08 मिमी धरला. पंच 20.00, डाय 20.16. टूल गेलं, पैसे आले. दोन वर्षांनी काम कमी झालं आणि सबस्क्रिप्शन रिन्यू केलं नाही. त्यानंतर ग्राहकाचा फोन येतो: शीट आता 2 मिमी आणि जास्त ताकदीची झाली आहे, डाय इन्सर्ट नवा हवा, वायरकटला ड्रॉइंग द्या. क्लिअरन्स 6 टक्के धरला तर एका बाजूला 0.12, म्हणजे डाय 20.24. बदल एका मापाचा आहे, पण वायरकटवाल्याला दुरुस्त केलेली फाइल हवी.

तुमच्याकडे फक्त पीडीएफ असेल तर माप वाचता येईल, पण फाइल नव्याने काढावी लागेल. `AC1032` प्रकारातली डीडब्ल्यूजी असेल आणि दुसरं काहीच नसेल, तर ऑटोडेस्कचं फुकट मिळणारं ट्रूव्ह्यू ती उघडेल, मोजेल, प्रिंटही काढेल, पण रेष हलवू देणार नाही. इथे तुमचं 2015 कामाला येतं. ट्रूव्ह्यूमध्ये `DWG Convert` आहे. त्याने फाइल 2013च्या प्रकारात बदला, 2015मध्ये उघडा, 20.16चं 20.24 करा आणि पाठवा. सबस्क्रिप्शन संपलं तरी काम अडलं नाही, कारण बदल करण्याचा हक्क असलेली एक सीट कायमची होती. तीच विकली असती किंवा ते मशीन बिघडल्यावर लायसन्स परत बसवता आलं नसतं, तर एका मापासाठी सबस्क्रिप्शन घ्यावं लागलं असतं.

याला आणखी एक बाजू आहे, आणि तुमचे ग्राहक वाहन उद्योगातले असतील तर ती बंधनकारकही ठरू शकते. आयएटीएफ 16949मध्ये टूलिंगच्या नोंदी आणि डिझाइनच्या नोंदी पार्टचं उत्पादन आणि सर्व्हिसची गरज चालू असेपर्यंत आणि त्यानंतर आणखी एक कॅलेंडर वर्ष जपायच्या असतात. गाडीचं मॉडेल दहा वर्षं चाललं तर ड्रॉइंगही निदान तितकी वर्षं जपावी लागते. जपणं म्हणजे नुसती डिस्कवर असणं नव्हे, ऑडिटच्या दिवशी ती उघडून दाखवता आली पाहिजे. एक वर्षाच्या सबस्क्रिप्शनवर इतक्या लांबची जबाबदारी टेकवायची असेल, तर उघडण्याची दुसरी सोय आधी करून ठेवावी लागते.

ती सोय सबस्क्रिप्शन चालू असतानाच करायची. प्रत्येक टूल पास होऊन गेलं की त्याच्या फोल्डरमध्ये तीन गोष्टी ठेवा: 2013 प्रकारातली डीडब्ल्यूजी, तीच ड्रॉइंग डीएक्सएफमध्ये आणि 1:1 मापाची पीडीएफ. डीएक्सएफचा आराखडा प्रसिद्ध असल्यामुळे ती वायरकट, लेझर आणि बहुतेक सगळ्या कॅड सॉफ्टवेअरमध्ये उघडते. बाहेरच्या फाइल जोडून ड्रॉइंग केली असेल, म्हणजे एक्सरेफ वापरला असेल, तर `ETRANSMIT` कमांड द्या. ती जोडलेल्या फाइल आणि फॉन्ट एकत्र बांधून देते. नाहीतर पाच वर्षांनी मुख्य ड्रॉइंग उघडते आणि डाय सेटचा भाग रिकामा दिसतो.

एका ठिकाणी जास्त काळजी लागते. हल्लीच्या ऑटोकॅड सबस्क्रिप्शनबरोबर मेकॅनिकल टूलसेट मिळतो. त्यातले स्क्रू, स्प्रिंग, पार्ट लिस्ट हे साध्या रेषा नसतात, त्या टूलसेटच्या खास वस्तू असतात. साध्या ऑटोकॅडमध्ये किंवा दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या दिसल्या तरी बदलता येत नाहीत, कधी नीट दिसतही नाहीत. ड्राफ्ट्समनला तो टूलसेट आवडणारच, वेळ वाचतो. वापरू द्या, पण साठवणीच्या प्रतीत `EXPLODE` देऊन त्या वस्तू साध्या रेषांत मोडून ठेवा. मूळ फाइल वेगळी राहू द्या.

आणि मग एकदा तालीम करा. रिन्यूअलच्या दोन-तीन महिने आधी नव्या सीटला सुट्टी द्या. त्या सीटवर बनलेल्या ड्रॉइंगमधून सगळ्यात किचकट असलेल्या निवडा, प्रोग्रेसिव्ह टूलची एखादी घ्याच. त्या 2015च्या मशीनवर उघडा. एखादं माप मोजून मूळ पीडीएफशी ताडून पाहा, 1:1 प्रिंट काढून तिच्यावर व्हर्निअर लावा, टॉलरन्सची चिन्हं आणि मराठीत लिहिलेल्या टिपा फॉन्टसकट नीट आल्या का ते बघा. जिथे अडेल तिथे अजून सबस्क्रिप्शन हातात आहे, दुरुस्त करता येतं. मुदत संपल्यावर कळलं तर उशीर झालेला असतो.

आता दुसऱ्या डीलरचं कायमचं लायसन्स. ब्रिक्सकॅड, झेडडब्ल्यूकॅड यांसारखी सॉफ्टवेअर डीडब्ल्यूजीवरच काम करतात आणि कायमच्या लायसन्सवर मिळतात. टूडी टूल ड्रॉइंगसाठी ती पुरेशी आहेत असं माझं मत आहे, पण माझ्या मतावर घेऊ नका. ट्रायल मागा आणि तुमच्याच फाइल त्यात उघडा, बदला, सेव्ह करा आणि परत 2015मध्ये उघडून पाहा. ही येजा नीट झाली तरच पुढची बोलणी.

त्या लायसन्सच्याही मर्यादा आहेत. मेन्टेनन्स थांबवलात की तुम्ही त्या व्हर्जनवर थांबता. डीडब्ल्यूजीचा प्रकार पुन्हा बदलला, तर ग्राहकाकडून येणारी नवी फाइल वाचता येणार नाही, अगदी आज 2015चं होतंय तसं. विंडोज बदललं तर चालेलच असं नाही. तुमचं 2015 निघालं तेव्हा विंडोज 10 आलेलं नव्हतं, आणि नव्या मशीनवर ते बसलं तरी अडचण आल्यास दाद मागायला जागा नाही. शिवाय अ‍ॅक्टिव्हेशन आहे. हार्ड डिस्क गेली किंवा मशीन बदललं तर सॉफ्टवेअर पुन्हा कंपनीच्या सर्व्हरकडे परवानगी मागतं. तो सर्व्हर चालू नसेल किंवा कंपनीने जुन्या व्हर्जनची अ‍ॅक्टिव्हेशन बंद केली असेल, तर कागदावरचा हक्क शिल्लक असूनही मशीनवर काही बसत नाही. अडोबीने आपल्या सीएस2चे अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हर बंद केले तेव्हा जुन्या ग्राहकांसाठी अ‍ॅक्टिव्हेशन न लागणारी प्रत दिली. दर वेळी कोणी अशी सोय करून देईल यावर भिस्त ठेवता येत नाही.

म्हणून तुमच्या 2015च्या मशीनची संपूर्ण डिस्क इमेज आजच बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊन ठेवा. इन्स्टॉलर, सिरीयल नंबर, प्रॉडक्ट की आणि मूळ बिल एका फाइलमध्ये लावा. बिल कोणाच्या नावाने आहे तेही पाहा. युनिट आधी प्रोप्रायटरशिपमध्ये होतं आणि आता प्रायव्हेट लिमिटेड झालं असेल, तर लायसन्स जुन्याच नावावर असतं आणि ते नव्या कंपनीकडे न्यायला सहसा सॉफ्टवेअर कंपनीची संमती लागते. तपासणीची नोटीस आल्यावर हे शोधत बसणं त्रासाचं होतं.

पैशांचा हिशेब सोपा आहे. आकडे मी नमुन्याचे घेतो, तुमच्या कोटेशनचे त्यात घाला. कायमचं लायसन्स 60,000, पहिल्या वर्षाचा मेन्टेनन्स त्यातच, पुढे दर वर्षी 12,000. सबस्क्रिप्शन वर्षाला 30,000. दुसऱ्या वर्षाअखेर 72,000 विरुद्ध 60,000, सबस्क्रिप्शन स्वस्त. तिसऱ्या वर्षाअखेर 84,000 विरुद्ध 90,000, पारडं फिरलं. पाचव्या वर्षाअखेर 1,08,000 विरुद्ध 1,50,000. म्हणजे या आकड्यांत तीन वर्षांपेक्षा जास्त चालणाऱ्या सीटला कायमचं परवडतं. पण मेन्टेनन्स मध्येच थांबवून पुन्हा सुरू करायचा असेल तर बऱ्याच कंपन्या मधल्या वर्षांचे पैसे किंवा दंड लावतात, काही थेट नवं लायसन्स घ्यायला सांगतात. ते कलम कोटेशनमध्येच मागून घ्या. जीएसटी दोन्हींवर लागतो आणि नोंदणी असेल तर परत मिळतो. फरक आयकरात आहे: सबस्क्रिप्शन त्या वर्षीचा खर्च म्हणून जातं, कायमच्या लायसन्सवर संगणकाप्रमाणे घसारा मिळतो.

सबस्क्रिप्शन कुठे नक्की योग्य, तेही सांगतो. काम थोड्या महिन्यांचं असेल तर. 2027च्या सिंहस्थाच्या कामांमुळे सध्या शहरातल्या फॅब्रिकेशनवाल्यांकडे अशा ऑर्डर येत आहेत, चार-सहा महिने जादा ड्राफ्ट्समन लागतो आणि मग लागत नाही. त्यासाठी कायमची सीट घेणं पैसे अडकवणं आहे. मासिक घ्या, काम संपलं की वर सांगितल्याप्रमाणे फाइल उतरवून घ्या आणि बंद करा. बंद करताना ऑटो रिन्यूअल काढायला विसरू नका, आणि ‘मासिक’ म्हणून दिलेला प्लॅन वर्षाच्या बांधिलकीचा तर नाही ना, हे घेतानाच पाहा. दुसरं म्हणजे ग्राहकानेच अमुक व्हर्जनमध्ये, अमुक टूलसेटसह फाइल मागितली असेल तर पर्याय उरत नाही, आणि तो खर्च त्या कामाच्या कोटेशनमध्ये धरावा.

तुमच्यासाठी मी असं करेन. 2015 जसं आहे तसं ठेवायचं, जमल्यास इंटरनेटपासून तोडून, फाइलची देवाणघेवाण दुसऱ्या मशीनवरून. दुसऱ्या सीटसाठी आधी कायमच्या लायसन्सची ट्रायल तुमच्या फाइलवर. ती पास झाली तर तेच घ्यायचं, आणि मेन्टेनन्स दर वर्षी विचार करून भरायचा. नवं विंडोज किंवा डीडब्ल्यूजीचा नवा प्रकार आला तर भरावाच लागेल. ट्रायल नापास झाली किंवा ग्राहकाचा ऑटोकॅडचाच आग्रह असेल तर सबस्क्रिप्शन, पण सेव्ह 2013मध्ये.

आणि पैसे देण्याआधी डीलरला एक ईमेल पाठवा, फोन नको. त्यात विचारा: मुदत संपल्यावर सॉफ्टवेअर उघडेल का आणि उघडलं तर काय काय करता येईल? मी घेत असलेल्या व्हर्जनचा सपोर्ट कोणत्या तारखेपर्यंत आहे? मशीन बदललं तर अ‍ॅक्टिव्हेशन किती वेळा आणि कोण करून देईल? इंटरनेटशिवाय किती दिवस चालेल? शेवटचा प्रश्न फालतू वाटेल, पण ऑटोकॅडचं सबस्क्रिप्शन साधारण 30 दिवसांत एकदा इंटरनेटवरून पडताळणी मागतं आणि डिझाइनची मशीन मुद्दाम नेटपासून दूर ठेवणाऱ्यांची तिथेच अडचण होते. उत्तर लेखी आलं तर ते बिलाला जोडून ठेवा. डीलर लेखी द्यायला तयार नसेल, तर सॉफ्टवेअर कंपनीच्या लायसन्स करारातलं मुदत संपण्याविषयीचं कलम त्याच्याकडून मागून स्वतः वाचा.